रजेच्या अर्जातले सतरा पाहुणे

गेल्या वर्षीची गोष्ट. आपल्या मंडळातली एक विद्यार्थिनी बाहेरच्या एका निबंधस्पर्धेत उतरली होती. निबंध परत आला तेव्हा ती तो घेऊन माझ्याकडे आली. परीक्षकांनी शेवटी लाल शाईने शेरा मारला होता: "मजकूर चांगला, पण उर्दू शब्द जास्त. ते कमी करा." आणि 'कागद', 'हजर', 'खात्री', 'नोकरी' या शब्दांखाली रेघा ओढल्या होत्या.

"मॅडम, आम्ही पाच पिढ्या बडोद्यात. बाहेर गुजराती बोलतो, टीव्हीवर हिंदी ऐकतो. त्यामुळे माझं मराठी बिघडलंय का?" तिनं विचारलं. प्रश्न गमतीचा नव्हता. तिच्या घरात आजी जे मराठी बोलते तेच तिनं लिहिलं होतं, आणि आता तिला आजीच्या बोलण्याचीच शंका यायला लागली होती.

मी तिला म्हटलं, आधी हा शेरा वाच. 'मजकूर' हा अरबी. 'जास्त' हा अरबी 'ज़ियादत'चा मराठी अवतार. 'कमी' फारसी. 'उर्दू' हा मुळात तुर्की, अर्थ छावणी. 'शेरा' सोडला आणि 'शाई' घेतली तर तीही फारसी 'सियाही', म्हणजे काळेपणा. लाल शाई म्हणजे शब्दशः लाल काळिमा! परीक्षकांनी दोन ओळींत चार शब्द तेच वापरले होते, ज्यांना ते विरोध करत होते. यात त्यांची चूक काढायची नाही. मुद्दा एवढाच की हे शब्द आपल्या बोलण्यात इतके मुरले आहेत की ते टाळा असं सांगायलाही तेच लागतात.

त्यानंतर मंडळाच्या बैठकीत आम्ही एक प्रयोग केला, तो इथे मांडते.

एक साधा अर्ज

फळ्यावर मी एक रजेचा अर्ज लिहिला. कुठल्याही मराठी कारकुनाने गेल्या शंभर वर्षांत लिहिला असता असा:

"सविनय अर्ज करतो. मी आपल्या दप्तरात कारकून म्हणून नोकरीस आहे आणि दररोज वेळेवर हजर असतो. वडिलांची तब्येत खराब झाल्यामुळे १० तारखेपासून मला आठवडाभर रजा मंजूर करावी. माझे काम बाकी राहणार नाही, याची खात्री देतो. सोबत दवाखान्याच्या कागदाची नक्कल जोडली आहे."

आकडा सोडला तर ३९ शब्द. यातले फारसी-अरबी कोणते ते शोधा, असं मी सांगितलं. मुलांनी पटापट दहा-बारा शब्द काढले. दोघांनी 'काम' आणि 'वेळ' यांखालीही रेघ ओढली, ते चुकलं. 'काम' हे संस्कृत 'कर्म', प्राकृत 'कम्म' या वाटेने आलेलं घरचं माणूस आहे आणि 'वेळ' म्हणजे संस्कृत 'वेला'. 'कामगार' मधला 'गार' मात्र फारसी, त्यामुळे गोंधळ झाला असावा. आणि एक शब्द सगळ्यांच्याच नजरेतून सुटला: 'सोबत'. तो अरबी 'सुहबत', म्हणजे सहवास, इंग्रजीत कंपनी.

शेवटी यादी सतरावर थांबली: अर्ज, दप्तर, कारकून, नोकरी, दररोज, हजर, तब्येत, खराब, तारीख, रजा, मंजूर, बाकी, खात्री, सोबत, दवाखाना, कागद, नक्कल. ३९ पैकी १७. आता उरलेले शब्द बघा: मी, आपल्या, आहे, आणि, असतो, झाल्यामुळे, मला, करावी, नाही, देतो. सर्वनामं, क्रियापदं, जोडणारे शब्द, सगळे मराठी. शिवाय पाहुण्यांनाही प्रत्यय मराठीच लागले आहेत: दप्तरात, नोकरीस, तारखेपासून, कागदाची. 'तारीख'चं सामान्यरूप 'तारखे' होतं, जसं 'जमीन'चं 'जमिनी' होतं. म्हणजे शब्द पाहुणा असला तरी तो घराच्या नियमाने वागतो. भाषा कुणाची हे नामांवरून ठरत नाही, क्रियापद आणि प्रत्यय कुणाचे यावरून ठरतं. या अर्जाची भाषा मराठी आहे, त्याबद्दल वाद नाही.

पाहुणा ओळखायचा कसा

पाठ करायला यादी देण्यापेक्षा तीन खुणा सांगते. त्या लक्षात राहिल्या तर कोश न उघडताही बरंच कळतं.

पहिली खूण शेवटच्या 'त'ची. अरबीत अनेक नामांच्या शेवटी एक स्त्रीलिंगी प्रत्यय असतो. तो तिथे बहुतेक वेळा 'आ' असा ऐकू येतो. फारसी लोकांनी ते शब्द घेताना त्याचा 'अत' केला. मराठीत हे शब्द 'त' घेऊनच आले: तब्येत, किंमत, हिंमत, इमारत, दौलत, हकीकत, हरकत, सोबत. यावरून दुसरीही एक गोष्ट कळते. हे शब्द जन्माने अरबी असले तरी आपल्याकडे अरबांकडून आलेले नाहीत, फारसी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या दरबारांतून आले. म्हणून आपण 'फारसी-अरबी' असं एकत्र म्हणतो. पण सावध राहा: 'संगत' आणि 'पंगत' यांनाही 'त' आहे, आणि ते 'संगति' व 'पंक्ति' यांचे वंशज आहेत. खूण म्हणजे पुरावा नव्हे. खूण फक्त कुठे शोधायचं ते सांगते.

दुसरी खूण मुळाची. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात आणि त्या व्यंजनांभोवती स्वर बदलून नवे शब्द होतात. आपल्या अर्जातला 'हजर' घ्या. त्याच मुळातून 'हजेरी' आली आणि 'हुजूर'ही आला. मूळ अर्थ समोर असणे, इंग्रजीत प्रेझेन्स. हुजूर म्हणजे ज्यांच्या समोर आपण उभे आहोत ते. आता 'मंजूर' बघा. त्याचं मूळ 'नजर' या शब्दाचंच आहे. सुरुवातीला 'म' आणि मध्ये 'ऊ' आला की अरबीत अर्थ होतो 'ज्याच्यावर ती क्रिया झाली ते'. म्हणून मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं. साहेबांनी पाहिलं, म्हणजे मान्य केलं, इंग्रजीत सँक्शन्ड. हाच साचा 'मजकूर'मध्ये आहे: ज्याचा उल्लेख, म्हणजे जिकीर, झाली ते. इंग्रजीत मेन्शन्ड; मराठीत आता त्याचा अर्थ टेक्स्ट किंवा मॅटर असा झाला. आणि 'मजबूत'मध्येही तोच साचा: घट्ट पकडलेलं. त्याचा भाऊ कोण? 'जप्त'! पोलीस माल जप्त करतात आणि सुतार टेबल मजबूत करतो, मुळात दोघेही पकडच घालतात.

इथे एक खड्डा आहे. 'नजर' आणि 'नजराणा' एकाच मुळातले वाटतात, पण नाहीत. नजर म्हणजे दृष्टी. नजराणा ज्या 'नज्र'वरून आला त्याचा अर्थ नवस किंवा अर्पण. अरबीत दोन्हींचं मधलं अक्षर वेगळं आहे. फारसीत अशा चार अक्षरांचा उच्चार एकच 'ज़' झाला आणि मराठीने त्याचा सरळ 'ज' केला. त्यामुळे आपल्या लिपीत फरक पुसला गेला. दोन शब्द सारखे दिसले म्हणून नातं जोडू नये, हे इथे शिकायचं.

तिसरी खूण जोडणीची. फारसीतून नुसते शब्द आले नाहीत, शब्द घडवायची हत्यारंही आली. '-दार' म्हणजे बाळगणारा: दुकानदार, जमीनदार. मग मराठीने तेच हत्यार घरच्या शब्दांना लावलं: चवदार, धारदार, पाणीदार. '-खाना' म्हणजे घर: अर्जातला दवाखाना हा अरबी 'दवा' आणि फारसी 'खाना' यांचा जोड, पण 'छापखाना'तला 'छाप' देशी. 'दर' हा उपसर्ग 'दररोज'मध्ये फारसी शब्दाला लागला आहे आणि 'दरवर्षी'मध्ये संस्कृत शब्दाला. 'गैर' अरबी, 'समज' आपली, आणि 'गैरसमज' कुणाचा? तो फक्त आपलाच. तेहरानमध्ये किंवा कैरोत तो शब्द कुणाला कळणार नाही.

बडोद्यातल्या मराठी घरांची आडनावं याचीच उदाहरणं आहेत. '-नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा, इंग्रजीत रायटर किंवा क्लार्क. फडणीस हा 'फर्द', म्हणजे हिशेबाची यादी किंवा ताव, लिहिणारा. पारसनीस फारसी पत्रव्यवहार लिहिणारा. चिटणीस मात्र अर्धा देशी, कारण 'चिठ्ठी' इथली. दारावरची पाटी वाचतानाही हा धडा गिरवता येतो.

खात्री करायची असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली दुसरी १८५७ ची. त्यात शब्दाशेजारी कंसात एक रोमन अक्षर असतं: A म्हणजे अरबी, P म्हणजे फारसी, S म्हणजे संस्कृत, H म्हणजे हिंदुस्थानी. ते पाहिल्याशिवाय एखाद्या शब्दाला फारसी म्हणू नका. 'पगार' आणि 'चावी' हे अनेकांना फारसी वाटतात, पण ते पोर्तुगीज आहेत. नोकरी फारसीतून आली आणि तिचा पगार पोर्तुगालहून!

चार शब्दांचा प्रवास

आता अर्जातलेच काही शब्द जरा निवांत पाहू.

कागद, इंग्रजीत पेपर. हिंदीत 'काग़ज़', गुजरातीत 'कागळ', मराठीत 'कागद'. यातला कोणता बरोबर? विद्यार्थी हमखास म्हणतात की हिंदीतला, कारण तो उर्दूच्या जवळचा. पण फारसीत या शब्दाची 'द'कारान्त आणि 'ज़'कारान्त अशी दोन्ही रूपं आहेत, आणि 'द'चं रूप जुनं आहे. मराठीने जुनं रूप जपलं. म्हणजे आपला 'कागद' हा 'काग़ज़'चा अपभ्रंश नव्हे, तो त्याचा थोरला भाऊ आहे. गुजरातीत तोच पुढे 'ळ'पर्यंत गेला, आणि तिथे 'कागळ' म्हणजे पत्रसुद्धा. म्हणून आपल्याकडची मुलं कधीकधी मराठीत 'मामाचा कागद आला' असं म्हणतात. ते चूक नाही. जुन्या मराठीतही कागद म्हणजे पत्र किंवा दस्तऐवज असा अर्थ होताच, 'कागदपत्र' या जोडशब्दात तो अजून दिसतो.

नोकरी, इंग्रजीत जॉब किंवा सर्व्हिस. 'नोकर' फारसीतून आला, पण तो फारसीचाही नाही. तो मंगोल भाषेतला 'नोकोर', अर्थ साथीदार. सरदाराच्या बरोबर स्वतःच्या मर्जीने राहणारा, त्याच्यासाठी लढणारा सोबती. तेराव्या शतकात मंगोल इराणात आले, त्यांच्याबरोबर हा शब्द फारसीत शिरला आणि तिथून हिंदुस्थानात आला. येता येता साथीदाराचा चाकर झाला. 'नोकर' म्हटलं की आज कमीपणा वाटतो, पण 'नोकरी' मिळाली की पेढे वाटतो. एकाच शब्दाच्या दोन रूपांना समाज वेगळी किंमत देतो, ते असं.

रजा, इंग्रजीत लीव्ह. अरबी 'रिज़ा', म्हणजे संमती, खुशी. रजा म्हणजे सुट्टी नव्हे, रजा म्हणजे वरिष्ठाची संमती. सुट्टी हा त्या संमतीचा परिणाम. म्हणूनच 'रजा घेतो' हे निरोपाचंही वाक्य होतं: मला जायची अनुमती द्या. याच मुळातला 'राजी'. आणि राजी असल्याचं पत्र म्हणजे राजीनामा. 'नामा' हा फारसी शब्द, लेख या अर्थाचा. पूर्वी राजीनामा म्हणजे संमतीचा लेख. भांडण मिटल्यावर दोन्ही पक्ष तो लिहून देत, जमीन सोडणारा कूळही लिहून देई. 'मी माझ्या खुशीने सोडतो आहे' हा त्यातला गाभा. तिथून तो नोकरी सोडण्याच्या पत्राला, इंग्रजीतल्या रेझिग्नेशनला, चिकटला. आज वर्तमानपत्रात वाचतो की अमक्याला राजीनामा द्यायला भाग पाडलं. शब्दाच्या मुळाशी बघितलं तर हे वाक्य स्वतःशीच भांडतं.

दप्तर, इंग्रजीत ऑफिस, रेकॉर्ड आणि स्कूलबॅग, तिन्ही. फारसीत 'दफ़्तर' म्हणजे वही, नोंदींचा गठ्ठा, मग कचेरी. तिथेही तो ग्रीक 'दिफ्थेरा' या शब्दावरून आला, अर्थ कमावलेलं कातडं, कारण कातड्यावर लिहीत असत. कागदपत्र ज्या रुमालात बांधून ठेवत ते दप्तर, आणि शाळेच्या मुलाचे कागद ज्यात असतात तेही दप्तर. आता दप्तर कातड्याचं नाही, आणि लवकरच त्यात कागदही नसतील.

एक इशारा इथेच देते, कारण बडोद्यातल्या मुलांची ही चूक नेहमीची आहे. हिंदीतून कळणारा अर्थ मराठी वाक्यात घालू नका. मराठीत 'त्याने प्रयत्नांची शिकस्त केली' याचा अर्थ त्याने पराकाष्ठा केली, इंग्रजीत ही डिड हिज अटमोस्ट. हिंदीत 'शिकस्त' म्हणजे पराभव, आणि फारसीतही तुटणे, हरणे. आमच्या एका विद्यार्थ्याने या वाक्याचं भाषांतर 'तो हरला' असं केलं होतं. शब्द एकच, पण मराठीने त्याला मोडेपर्यंत झटण्याच्या अर्थावर आणून थांबवलं. तसंच 'हप्ता'. फारसीत आणि हिंदीत सात दिवस. मराठीत आणि गुजरातीत इन्स्टॉलमेंट. म्हणून मी अर्जात 'हप्ताभर रजा' लिहिलं नाही, 'आठवडाभर' लिहिलं.

शब्द बदलता येतात का?

मूळ प्रश्न राहिलाच: हे शब्द काढावेत का? हा प्रयत्न पूर्वी झाला आहे, आणि छोट्या माणसांनी केलेला नाही.

राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश करवून घेतला, तो रघुनाथ पंडितांच्या नावावर असलेला 'राजव्यवहारकोश'. दहा वर्ग आणि तेराशेच्या वर शब्द. याच काळात पदांची नावं बदलली: पेशवा झाला पंतप्रधान, मुजुमदार झाला अमात्य, सुरनीस झाला सचिव, वाकनीस झाला मंत्री, सरनौबत झाला सेनापती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी निरनिराळ्या काळची पत्रं घेऊन त्यांतले शब्द मोजले होते. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा साधारण १४, १६७७ च्या पत्रात साधारण ६२, आणि १७२८ च्या पत्रात साधारण ९३. ही मोजणी ठरावीक पत्रांची आहे, सगळ्या भाषेची नव्हे, पण दिशा स्पष्ट दिसते.

मग काय टिकलं? मंत्री, सचिव, सेनापती आजही आहेत. पण पंतप्रधानपद ज्या घराण्याकडे गेलं, त्याला जगाने ओळखलं 'पेशवा' म्हणूनच, आणि त्यांच्या दरबारात सर्वांत प्रसिद्ध माणूस होता नाना फडणवीस. वरची पदं बदलली, रोजच्या व्यवहारातला कागद, कारकून, हिशेब, जमा, खर्च, बाकी बदलले नाहीत.

आपल्या बडोद्यातही हे घडलं. गायकवाडांचा किताब 'सेना खासखेल समशेर बहादूर'. त्यात 'सेना' सोडली तर बाकी सगळं दरबारी फारसीच्या पिशवीतलं. आणि त्याच घराण्यातल्या महाराज सयाजीराव तिसऱ्यांच्या काळात कोर्टाची भव्य इमारत उभी राहिली, तिचं नाव अदालत नव्हे, 'न्यायमंदिर'. १९३१ मध्ये त्यांनी 'श्रीसयाजीशासनकल्पतरू' हा कोश प्रसिद्ध करवला. त्याची पद्धत शिकण्यासारखी आहे. एका संज्ञेसाठी इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी. जुना शब्द हाकलला नाही, नवा त्याच्या शेजारी बसवला, आणि निवड करायला जागा ठेवली. गंमत अशी की याच राज्यात तालुक्याच्या अधिकाऱ्याला 'वहिवटदार' आणि प्रांताच्या अधिकाऱ्याला 'सुभा' म्हणत राहिले.

आणखी एक बडोदेकर. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा जन्म १८९४ मध्ये इथे बडोद्यात झाला. ते फारसीचे प्राध्यापक होते. गझल आणि रुबाई मराठीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. १९२५ मध्ये त्यांनी 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला. आणि त्याच माणसाने १९३८ मध्ये भाषाशुद्धीच्या बाजूने 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक लिहिलं. अनेकांना हे विसंगत वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्याला फारसी उत्तम येत होती त्याला कोणता शब्द कुठून आला हे नेमकं ठाऊक होतं, आणि म्हणून तो त्याबद्दल मत देऊ शकत होता. त्यांचं मत पटो न पटो, त्यांचा क्रम बरोबर होता: आधी कोश, मग वाद.

आम्हीही बैठकीत तसा प्रयत्न करून पाहिला. त्या विद्यार्थिनीनेच खडू हातात घेतला आणि अर्जातले सतरा शब्द बदलायला सुरुवात केली. दप्तराचं कार्यालय झालं, हजरचं उपस्थित, मंजूरचं संमत, तब्येतीचं प्रकृती, तारखेचं दिनांक, दवाखान्याचं रुग्णालय, नकलेचं प्रत. हे सगळे शब्द आजच्या मराठीत चालतात, काही तर जास्त चालतात. अर्जाचं विनंतीपत्र झालं, पण 'विनंतीपत्र करतो' म्हणता येईना, वाक्य फिरवावं लागलं. कारकुनाचं लिपिक झालं, तसं सरकारी मराठीत आहेच. खात्रीच्या जागी 'विश्वास' घातला तर अर्थ सैल झाला: खात्री देणारा जबाबदारी घेतो, विश्वास देणारा नुसता धीर देतो. रजेला 'अवकाश' म्हटलं तर वर्गात हसू आलं, आजच्या मुलांना तिथे उपग्रह दिसला. 'नोकरी'पाशी ती बराच वेळ थांबली. 'सेवा' लिहून पुसलं, कारण पगार नसतानाही सेवा करता येते. आणि 'कागदा'पाशी खडू थांबला तो थांबलाच. 'पत्र' म्हणजे लेटर, 'पर्ण' म्हणजे पान. ज्या वस्तूबरोबरच तिचं नाव आलं, त्या नावाला पर्याय कुठून असणार?

यातून नियम निघाला तो तिनेच वहीत लिहिला, तो असा: ज्या जागी मराठीत दोन शब्द खरोखर चालतात तिथे प्रसंग पाहून निवडावं, निमंत्रणपत्रिकेत 'उपस्थित' शोभतं, वर्गात 'हजर' म्हणावं. जिथे पर्यायाने अर्थ बदलतो तिथे जुना शब्द सोडू नये. आणि जिथे पर्यायच नाही तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नये.

शेवटी तिनं विचारलं, "मग तो 'उर्दू शब्द जास्त' शेरा खोडू का?" मी म्हटलं, खोडू नकोस. त्याच्या खाली प्रत्येक शब्दाचं मूळ लिही, आणि ते आपल्या ई-मॅगझीनला दे. ती म्हणाली, "मॅगझीन तरी इंग्रजी आहे ना?" तेही नाही. इंग्रजीत तो फ्रेंच आणि इटालियनमधून आला, आणि त्यांनी घेतला अरबी 'मख़ाज़िन'वरून, म्हणजे कोठारं. त्याच मुळाचा मराठीत आधीपासून नांदणारा शब्द कोणता, ते घरी जाऊन आजीला विचार, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन आली. आजीने विचार न करता सांगितलं होतं: खजिना.